पाच तारे आणि एक ओळ: साताऱ्याच्या कामासाठी आलेला एक बायोडेटा

साताऱ्याजवळ एका खासगी संस्थेच्या महाविद्यालयाची इमारत उभी राहते आहे. तळमजला आणि वर चार मजले. काम घेतलेला कंत्राटदार माझ्या मित्राचा मुलगा. मागच्या पावसाळ्यानंतर त्याचा फोन आला, "काका, क्वांटिटी सर्व्हेअर पाहिजे. जाहिरात दिली, तीस-एक बायोडेटा आलेत. बघून द्या." क्वांटिटी सर्व्हेअर म्हणजे कामाची परिमाणं मोजून बिलं बनवणारा माणूस. मी सव्वीस वर्षं बिलं आणि करार यांतच काढली, तेव्हा नाही म्हणायचा प्रश्न नव्हता. त्या तिसांपैकी एका बायोडेट्यावर माझे दोन दिवस गेले. तो आधी मी बाजूला ठेवला होता, नंतर परत उचलला, आणि शेवटी त्याच मुलाचं नाव सुचवलं. सुचवताना एक अटही घातली. ते सगळं कसं झालं ते इथे लिहितो. उमेदवार आणि कंत्राटदार दोघांची परवानगी घेतली आहे, नावं मात्र कुणाचीच देत नाही.

आधी जाहिरात. पाच ते आठ वर्षांचा अनुभव, स्थापत्यातली पदवी किंवा डिप्लोमा. पुढे कामांची यादी: नकाशावरून परिमाणं काढणे, काम चालू असताना मालकाला टप्प्याटप्प्याने द्यायचं आर.ए. बिल, सबकॉन्ट्रॅक्टरची बिलं, एक्स्ट्रा आयटम, दरफरक. शेवटी ऑटोकॅड, एक्सेल आणि 'कोणतंही एस्टिमेटिंग सॉफ्टवेअर'. अशा यादीत सगळं एकाच उंचीवर उभं असतं. कंत्राटदाराला खरी गरज कशाची आहे ते त्यातून कळत नाही. म्हणून बायोडेटे उघडण्याआधी मी त्याच्याकडून करार मागवून घेतला.

करार आयटम रेटचा. म्हणजे प्रत्येक बाबीचा दर ठरलेला, पैसे प्रत्यक्ष मोजमापाप्रमाणे. बिल आधी संस्थेने नेमलेला प्रकल्प सल्लागार, म्हणजे पीएमसी, तपासणार आणि मग संस्था देणार. सिमेंट आणि लोखंड यांचे मूळ दर करारात लिहिलेले. बाजारभाव त्याहून वर गेला तर फरक मिळणार, खाली आला तर कापला जाणार. टेंडर भरून झालेलं, दर गोठलेले. यातून एक गोष्ट स्पष्ट झाली. या माणसाला नवीन काम अंदाजायचं नाही, चालू काम मोजायचं आहे. त्याचं सॉफ्टवेअर मी बघणार होतोच, पण तोलताना बिल आणि करार यांना जास्त वजन देणार होतो. जाहिरातीत हे लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे उमेदवारांना कळायला काही मार्ग नव्हता. तो दोष त्यांच्या माथी मारायचा नाही हे मी आधीच ठरवलं.

बायोडेटा काय सांगत होता

मुलगा तासगाव तालुक्यातला. डिप्लोमा, मग नोकरी करता करता पदवी. अनुभव सात वर्षांचा, तीन ठिकाणी. पहिली तीन वर्षं कुपवाडच्या एका कंत्राटदाराकडे, मिरजेतल्या खासगी नर्सिंग कॉलेजच्या इमारतीवर. मग अडीच वर्षं सांगली जिल्ह्यातल्या एका सरकारी वसतिगृहाच्या कामावर, कंत्राटदाराच्याच बाजूने. शेवटचं दीड वर्ष पुण्यात, उंच इमारतींच्या प्रकल्पावर सबकॉन्ट्रॅक्टरची बिलं.

बायोडेटा इंग्रजीत, दोन पानांचा. पहिलं पान जवळजवळ सगळं सॉफ्टवेअरला दिलेलं. प्रत्येक नावापुढे तारे: ऑटोकॅडला पाच, एक्सेलला चार, प्लॅनस्विफ्टला चार, कँडीला तीन, एमएस प्रोजेक्टला तीन. दुसऱ्या पानावर नोकऱ्या, आणि प्रत्येकीखाली साधारण सारखीच तीन वाक्यं: आर.ए. बिलं तयार केली, लागणाऱ्या सळयांचा तक्ता तयार केला, करारविषयक कामं सांभाळली. सोबत एका जुन्या आर.ए. बिलाची चार पानं जोडलेली. त्यातली मालकाची, कंत्राटदाराची नावं आणि दर त्याने काळे करून झाकले होते. हे मला आवडलं. जुन्या मालकाचे दर जो माणूस उघडे पाठवतो तो उद्या आपलेही पाठवील.

ताऱ्यांबद्दल माझं मत पहिल्यापासून वाईट आहे. ऑटोकॅडमधले पाच तारे म्हणजे नक्की काय येतं? रेषा काढता येते, की दुसऱ्याच्या नकाशातले थर बंद करून फक्त बीम वेगळे करता येतात? वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. तरीही आमच्या भागातल्या मुलांच्या बायोडेट्यांत तारे सर्रास दिसतात, कारण कुणीतरी एक नमुना फिरवला आहे आणि सगळे तोच भरतात.

लाल खूण

मी बायोडेट्याआधी जोडलेलं बिल वाचायला घेतलं. गिलाव्याच्या मोजमापाशी आलो आणि थांबलो.

नर्सिंग कॉलेजच्या इमारतीत प्रत्येक मजल्यावर मधून कॉरिडॉर आणि दोन्ही बाजूंना खोल्या. कॉरिडॉरच्या भिंतीत मजल्याला चोवीस दारं, प्रत्येक दार 1.20 गुणिले 2.10 मीटर. म्हणजे उघडीचं, भिंतीत सोडलेल्या मोकळ्या जागेचं, क्षेत्र 2.52 चौरस मीटर. या पोराने प्रत्येक दाराची वजावट भिंतीच्या दोन्ही बाजूंनी केली होती, आणि चौकट सोडून उरलेल्या भिंतीच्या जाडीचा गिलावा वेगळा धरला होता.

गिलाव्याच्या मोजमापासाठी आपल्याकडे आयएस 1200 या भारतीय मानकाचा बारावा भाग धरतात. त्यातला नियम असा: उघडी अर्ध्या चौरस मीटरपर्यंत असेल तर वजावटच नाही. अर्धा ते तीन चौरस मीटरच्या मधली असेल आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकाच प्रकारचा गिलावा असेल, तर वजावट एकाच बाजूची. पण मग जाडीतला गिलावा वेगळा मिळत नाही. तीन चौरस मीटरच्या वर गेली तर वजावट दोन्ही बाजूंची, आणि जाडीतला गिलावा मिळतो. या नियमामागे साधा हिशेब आहे. मधल्या आकाराच्या उघडीला जाडीतलं किचकट काम आणि न कापलेली एक बाजू यांची सांगड घातली, म्हणजे प्रत्येक दाराच्या कडा मोजत बसायला नको.

इथे दार 2.52 चं, दोन्ही बाजूंना तोच गिलावा. म्हणजे नियमाने वजावट 2.52 एवढीच. त्याने कापले होते 5.04. जाडीतली पट्टी 10 सेंटीमीटरची, दोन उभ्या आणि एक आडवी मिळून लांबी 5.40 मीटर, म्हणजे 0.54 मिळवले. निव्वळ वजावट 4.50. प्रत्येक दारामागे कंत्राटदाराचा 1.98 चौरस मीटर गिलावा गेला. मजल्याला चोवीस, चार मजले, शहाण्णव दारं: 190 चौरस मीटर. दर झाकलेला होता, पण 280 रुपये धरला तरी त्रेपन्न हजारांचं नुकसान, आणि तेही कंत्राटदाराच्या स्वतःच्या माणसाने केलेलं.

मी लाल पेनाने खूण केली आणि बायोडेटा नकाराच्या ढिगात टाकला. मोठ्या उघडीचा नियम छोट्या उघडीला लावणं ही बिलिंगमधली नवशिक्याची चूक आहे. सात वर्षांनी ती परवडत नाही.

दुसऱ्या पानाच्या तळाशी

संध्याकाळी ढीग परत लावताना त्याचं दुसरं पान वर आलं. अगदी तळाशी, 'इतर जबाबदाऱ्या' या मथळ्याखाली, छंदांच्या वर एक ओळ होती. तिचा अर्थ असा: 'कलम 38 खाली खोदाईचं दरवाढ विवरणपत्र तयार करून मंजूर करून घेतलं.'

सरकारी कामाशी ज्याचा संबंध आला नाही त्याला ही ओळ कोरडी वाटेल. पण महाराष्ट्रात सार्वजनिक बांधकाम खात्याच्या बी-1 आणि बी-2 या ठरावीक नमुन्यांच्या करारांवर ज्याने काम केलंय त्याला माहीत आहे की कलम 38 हे टेंडरमधल्या परिमाणापेक्षा काम जास्त झालं तर काय करायचं त्याचं कलम आहे. हे नाव त्याने ऐकून लिहिलं असेल का? असू शकतं. पण 'मंजूर करून घेतलं' हे शब्द ऐकून कुणी लिहीत नाही. आणि जो माणूस कलम 38 मंजूर करून आणतो तो गिलाव्याची वजावट चुकवतो, हे मला पटेना. मी फोन लावला.

आधी गिलाव्याचंच विचारलं. "मिरजेच्या बिलात दाराची वजावट दोन्ही बाजूंनी का केलीत?"

तो म्हणाला, "सर, त्या करारात मोजमापाची पद्धत वेगळी होती. गिलावा प्रत्यक्ष केलेल्या कामाचा निव्वळ मोजायचा, असं आर्किटेक्टने विशेष अटींत घातलं होतं. आयएस 1200 फक्त जिथे करार गप्प आहे तिथे. मी पहिल्या बिलाला आयएसप्रमाणेच लावलं होतं, ते कापून परत आलं. तेव्हा अट वाचली."

मी गप्प झालो. चूक माझी होती. अशा वेळी कराराचीच अट वर असते, आयएसचा नंबर नंतर लागतो, हे मी स्वतः कितीतरी मुलांना शिकवलं आहे. आणि समोर करार नसताना मीच आयएस लावून त्याला नापास केलं होतं. पण त्याचं एक चुकलं होतंच. बिलाची पानं जोडली, त्यावर 'विशेष अटीप्रमाणे निव्वळ मोजमाप' एवढे चार शब्द लिहिले असते तर माझ्यासारख्या वाचणाऱ्याने लाल पेन उचललाच नसता. माझ्याकडे फोन करायला वेळ होता, सगळ्यांकडे नसतो.

काळी माती आणि चारशेतीस घनमीटर

मग कलम 38. दुसऱ्या दिवशी त्याला साताऱ्याला बोलावून घेतलं. तो कागद घेऊन आला, सरकारी क्रमांक झाकलेले. ते प्रकरण त्याने मला तासभर सांगितलं, आणि त्या तासात माझा निम्मा निर्णय झाला.

वसतिगृहाची जागा काळ्या मातीत. खोदाई दीड-दीड मीटरच्या टप्प्यांत मोजतात, आणि दीड ते तीन मीटर खोलीचा टप्पा ही वेगळी बाब. टेंडरमध्ये या टप्प्याची खोदाई होती 400 घनमीटर. अंदाज असा होता की दीड मीटरच्या थोडं खाली कठीण मुरूम लागेल. प्रत्यक्षात काळी माती खालपर्यंत गेली आणि मुरूम लागायला अडीच मीटरच्या पुढे जावं लागलं. खोदाई झाली 930 घनमीटर.

कलम 38 असं: टेंडरच्या परिमाणाच्या सव्वापटीपर्यंत टेंडरचाच दर. इथे ती मर्यादा 500 घनमीटर. त्यावरच्या 430 घनमीटरला दर नव्याने निघतो: चालू दरसूचीतला दर घ्यायचा आणि कंत्राटदाराने टेंडर अंदाजापेक्षा जितके टक्के वर किंवा खाली भरलं असेल तितके टक्के त्याला लावायचे. वरच्या परिमाणाची टेंडरच्या दराने होणारी किंमत पाच हजारांच्या वर असली पाहिजे अशीही अट आहे. 430 घनमीटरला ती सहज पार होते. त्याच्या कागदात टेंडरचा दर 160 होता आणि नव्याने निघालेला 195. फरक 35, गुणिले 430, म्हणजे 15,050 रुपये.

रक्कम लहान आहे. मी त्याला मुद्दाम म्हणालो, "पंधरा हजारांसाठी एवढा खटाटोप?"

"पंधरा हजारांसाठी नाही सर. 500 च्या वरचं काम लेखी आदेशाशिवाय केलं असतं तर फरक सोडा, वाढीव परिमाणच मोजमाप पुस्तिकेत चढवायला शाखा अभियंता तयार नव्हते. त्यांनी तोंडी सांगितलं होतं, खणा. मी साइट ऑर्डर बुकमध्ये लिहून सही घेतली, मग मशीन लावलं. 430 घनमीटरचे एकूणच पैसे त्या सहीवर होते."

कलम 38 ची भाषाही हीच आहे: सव्वापटीच्या वरचं काम अभियंत्याच्या लेखी आदेशाने करायचं. त्याने खड्ड्यांच्या तळाच्या पातळ्या दोन्ही बाजूंच्या सह्यांनी काँक्रीट पडण्याआधी नोंदवून ठेवल्या होत्या. खोदाईच्या बिलात वाद होतो तो खड्डा बुजल्यावर, आणि तेव्हा मोजायला काही उरलेलं नसतं. बुजण्याआधी मोजून सही घेणं हे कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये नाही. हे सगळं बायोडेट्यात एका ओळीत, छंदांच्या वर, आणि पहिलं पान ताऱ्यांना.

एक गोष्ट मी तपासून घेतली. हाच नियम उलटाही चालतो हे त्याला माहीत आहे का? कंत्राटदाराने टेंडर दहा टक्के खाली भरलं असेल तर नव्या दरातूनही दहा टक्के कमी होतात, आणि चालू दरसूचीतला दर कमी झालेला असेल तर वरच्या परिमाणाला टेंडरपेक्षा कमीही मिळू शकतं. त्याला माहीत होतं. म्हणाला, दर काढून बघितल्यावरच अर्ज केला. बरोबर केलं.

सॉफ्टवेअर: एकात पास, एकात नाही

आता तारे. प्लॅनस्विफ्ट म्हणजे पीडीएफ नकाशावर माऊसने मोजायचं साधन. यात घात कुठे होतो ते ठरलेलं आहे. नकाशावर एकास शंभर असं लिहिलेलं असतं, माणूस तेच प्रमाण प्रोग्रॅममध्ये भरतो. पण पीडीएफ बनवताना कुणीतरी 'पानावर बसवा' निवडलेलं असलं की नकाशा चौऱ्याण्णव टक्क्यांवर येतो. डोळ्याला फरक दिसत नाही. लांबी सहा टक्के कमी येते, क्षेत्रफळ मात्र जवळजवळ बारा टक्के, कारण दोन्ही बाजू कमी झालेल्या असतात. हजार चौरस मीटरचा स्लॅब 884 चा होतो. सहा टक्के कुणाच्या तरी नजरेला येतील, बारा टक्के 'नकाशा बदलला असेल' म्हणून खपून जातात.

मी लॅपटॉपवर असाच एक आकसलेला नकाशा उघडून दिला, काही न सांगता. त्याने लिहिलेल्या प्रमाणाकडे पाहिलंही नाही. सगळ्यात लांबच्या दोन ग्रिडरेषांमधलं लिहिलेलं अंतर घेतलं आणि त्यावरून प्रमाण बसवलं. मग उभ्या दिशेनेही एक अंतर तपासलं. विचारल्यावर म्हणाला, स्कॅन केलेला नकाशा असेल तर आडवं आणि उभं वेगवेगळं ताणलं गेलेलं असतं. यात तो पास.

एक्सेलही मी बघितलं, कारण बिल खरं तिथेच बनतं. आर.ए. बिलात आजवरचं परिमाण, मागच्या बिलापर्यंतचं परिमाण, आणि त्यांच्या वजाबाकीतून आलेलं या बिलाचं परिमाण असे तीन रकाने असतात. 'मागचं' म्हणजे आपण मागितलेलं की मंजूर झालेलं? मागितलेलं घातलं तर मागच्या वेळी कापलेलं परिमाण कायमचं हरवतं, कारण शीट म्हणतं ते घेऊन झालं. त्याच्या शीटमध्ये मंजूर परिमाण होतं, आणि कापलेल्याचा चौथा रकाना होता, शेरा आणि तारखेसह. चार तारे तसे योग्यच म्हणायचे.

कँडी हे अंदाजपत्रक आणि टेंडर दर बांधायचं मोठं सॉफ्टवेअर. तीन ताऱ्यांबद्दल विचारलं तर त्याने प्रामाणिकपणे सांगितलं: दोन दिवसांचं प्रशिक्षण घेतलं आहे, प्रत्यक्ष टेंडर कधी भरलेलं नाही. म्हणजे तारा एकही नाही. तो लपवत नव्हता, पण कागद लपवत होता.

सिमेंटच्या पोत्याचा हिशेब

शेवटी मी त्याला या कामाच्या करारातलाच एक प्रश्न दिला. दरफरक त्याने सरकारी कामावर वरिष्ठांना करताना पाहिला होता, स्वतः केलेला नव्हता, आणि या कामावर दर महिन्याला तो लागणार होता.

प्रश्न असा: करारातला सिमेंटचा मूळ दर पोत्याला 300 रुपये, करापूर्वीचा. या महिन्यात एम 25 काँक्रीट 640 घनमीटर झालं, मंजूर मिक्समध्ये घनमीटरला 350 किलो सिमेंट, म्हणजे सात पोती. खरेदीचं बिल पोत्याला 389.40 रुपये, जीएसटीसह. दरफरक किती?

पोती त्याने बरोबर काढली, 4,480. मालाच्या नोंदीतली पोती न घेता मंजूर मिक्सवरून घेतली, हेही बरोबर. गोदामात उरलेलं किंवा वाया गेलेलं सिमेंट मालक देत नाही. मग त्याने 389.40 मधून 300 वजा केले, 89.40 आले, आणि उत्तर लिहिलं: 4,00,512 रुपये.

मी विचारलं, "मूळ दर कसला आहे?"

त्याने प्रश्न परत वाचला. मग खाली बघत म्हणाला, "करापूर्वीचा."

अठरा टक्के कर काढला की 389.40 चे 330 होतात. फरक तीस. 4,480 पोत्यांचे 1,34,400 रुपये. त्याचा आकडा तिपटीच्या आसपास होता. पीएमसीने ते नक्की पकडलं असतं आणि बिल परत पाठवलं असतं. पैसे जाण्यापेक्षा मोठं नुकसान हे की एका चुकीच्या आकड्यानंतर पुढचे सहा महिने त्याचं प्रत्येक बिल दोनदा तपासलं गेलं असतं. बिलाला लागणारे दिवस हे कंत्राटदाराचं व्याज असतं.

काय सुचवलं

त्याच दिवशी रात्री कंत्राटदाराला लिहून कळवलं. मालकाचं बिल, सबकॉन्ट्रॅक्टरची बिलं आणि जादा कामाची पत्रं या मुलाकडे द्यायला हरकत नाही. मोजमाप आणि करार तो एकत्र वाचतो, आणि हे जमणारे त्या तिसांत मला दोनच दिसले. दरफरकाचं विवरण पहिले चार महिने त्याने बनवायचं आणि कार्यालयातल्या वरिष्ठांनी तपासून सही करायची. नवीन टेंडरचे दर त्याच्याकडे द्यायचे नाहीत. पगार जाहिरातीच्या मधल्या पट्टीत, चार महिन्यांनी फेरविचार.

दुसरा दिसलेला उमेदवार सातारचाच होता आणि कँडीवर खरोखर टेंडर भरणारा होता. हे काम टेंडरच्या टप्प्यावर असतं तर मी डोळे झाकून त्याचं नाव दिलं असतं. पण दर गोठलेल्या कामावर त्याचं कौशल्य बसून राहिलं असतं, आणि आर.ए. बिल त्याने एकदाच बनवलं होतं. कंत्राटदार थोडा नाराज झाला. "काका, सॉफ्टवेअरवाला म्हणजे पुढच्या टेंडरलाही झाला असता." बरोबर आहे, पण पुढचं टेंडर अजून नाही, आणि या कामाचं तिसरं बिल दोन आठवड्यांवर होतं.

मुलाला मी बायोडेटा परत लिहायला सांगितला, या नोकरीसाठी नाही, पुढच्यासाठी. तारे काढून टाकले. सॉफ्टवेअर दुसऱ्या पानावर गेलं आणि प्रत्येकापुढे काय केलं ते आलं: प्लॅनस्विफ्टपुढे 'स्लॅब, बीम, गिलावा यांची मापं, प्रमाण नकाशातल्या लिहिलेल्या अंतरावरून तपासून', कँडीपुढे 'दोन दिवसांचं प्रशिक्षण, स्वतंत्र टेंडर नाही'. ही दुसरी नोंद लिहायला तो कचरत होता. मी म्हटलं, ती वाचून माणूस बाकीच्यांवर विश्वास ठेवील. पहिल्या पानावर तीन कामं, प्रत्येकाखाली करार कोणत्या प्रकारचा, बिल कोण तपासत होतं, आणि आपण कुठल्या बाजूने होतो. या तीन गोष्टी कळल्या की 'आर.ए. बिलं तयार केली' या वाक्याला अर्थ येतो. सरकारी बी-1 वरचं बिल, आर्किटेक्टच्या निव्वळ मोजमापाचं बिल आणि सबकॉन्ट्रॅक्टरचं बिल ही तीन वेगळी कामं आहेत. वसतिगृहाखाली कलम 38 चं प्रकरण चार ओळींत आलं: टेंडर 400, प्रत्यक्ष 930, मर्यादेच्या वर 430, लेखी आदेश आणि सह्यांच्या पातळ्यांसह मंजूर.

तो रुजू होऊन तीन आठवडे झाले. परवा फोन आला. या करारात गिलाव्याच्या मोजमापाची पद्धत कुठेच लिहिलेली नाही, आणि आधीच्या दोन बिलांत तळमजल्याचा गिलावा कुणीतरी निव्वळ मोजून दिला आहे. कॉरिडॉरला इथेही मजल्याला तीसच्या वर दारं. त्याने पीएमसीला पत्राचा मसुदा केला होता: करार गप्प असल्याने आयएस 1200 लागू धरावं, आणि आधीच्या दोन बिलांतला फरक चौथ्या बिलात घ्यावा. मी एकच दुरुस्ती सुचवली, की दारांची मजलावार यादी पत्रालाच जोडावी, म्हणजे त्यांना विचारायला परत लिहावं लागणार नाही. पत्र सोमवारी गेलं. उत्तर अजून आलेलं नाही.